दुकानातल्या कॉम्प्युटरवर लॉगिन करताना आणि उठून जाताना

निकाल लागले की आमच्या दुकानात सकाळी नऊपासून रांग लागते. तालुक्याच्या गावी माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, चार कॉम्प्युटर आहेत. रात्री शटर ओढण्याआधी मी प्रत्येक कॉम्प्युटरवर जीमेलचं पान उघडून बघतो. प्रवेशाच्या दिवसांत एकेका कॉम्प्युटरवर तीन-चार जणांची नावं राहिलेली सापडतात. कुणाच्या नावाखाली बारीक अक्षरात "Signed out" लिहिलेलं असतं, तर एखाद्याचं खातं सरळ उघडंच असतं. मेल, फोटो, ड्राइव्ह, सगळं.

गेल्या जूनमध्ये एक मुलगी प्रवेशाचा फॉर्म भरायला आली होती. वडील बाहेर गाडीवर थांबले होते. दीड तासाने ती उठली आणि म्हणाली, "काका, झालं माझं. लॉगआउट केलंय मी." मी म्हटलं, "बाळा, दोन मिनिटं परत बस. काय काय राहिलंय ते बघू या." त्या दोन मिनिटांची वीस मिनिटं झाली. लॉगआउट तिने खरंच केलं होतं, तरी पाच ठिकाणी तिचं काही ना काही मागे राहिलं होतं. ती पाच ठिकाणं कोणती आणि ती कशी साफ करायची, ते इथे क्रमाने सांगतो. माझ्या चारही कॉम्प्युटरवर विंडोज आणि क्रोम आहे आणि गावोगावच्या दुकानांत बहुतेक हेच असतं, म्हणून सगळं त्याच्याच हिशोबाने लिहितो.

लॉगआउट केल्यावर नेमकं काय जातं

देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवर चपला दिल्या की आपल्याला एक बिल्ला मिळतो. परत आल्यावर बिल्ला दाखवला की चपला मिळतात. देणारा तुमचं तोंड बघत नाही, बिल्ला बघतो. वेबसाइटचंही तसंच असतं. तुम्ही पासवर्ड टाकला की साइट ब्राउझरकडे असाच एक बिल्ला देते, त्याला कुकी म्हणतात. पुढे प्रत्येक पान उघडताना ब्राउझर तो बिल्ला दाखवतो, म्हणून पासवर्ड पुन्हा विचारला जात नाही. तुम्ही खिडकी बंद करून निघून गेलात तरी बिल्ला ब्राउझरकडेच राहतो, आणि नंतर त्या खुर्चीवर बसणारा माणूस तुमचं खातं उघडू शकतो.

लॉगआउट केलं की हा बिल्ला रद्द होतो. पण एवढंच होतं. ब्राउझरने तुमचा पासवर्ड लिहून ठेवला असेल तर तो वेगळ्या कप्प्यात असतो आणि लॉगआउटचा त्याच्याशी संबंध नाही. उतरवलेल्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये असतात, त्यांच्याशीही नाही. शिवाय बिल्ला साइटगणिक वेगळा असतो. जीमेलमधून बाहेर पडल्याने प्रवेशाची साइट बंद होत नाही, आणि तिथून बाहेर पडल्याने डिजिलॉकर बंद होत नाही. जिथे जिथे आत गेलात, तिथून तिथून वेगळं बाहेर पडावं लागतं.

बसण्याआधी: गेस्टची खिडकी उघडा

पुसत बसण्यापेक्षा सांडूच नये, हे उत्तम. गूगलच्या लॉगिन पानावर ईमेलच्या चौकटीखाली "Not your computer?" अशी एक ओळ असते. माझ्या दुकानात रोज कितीतरी जण ते पान बघतात, पण ती ओळ वाचताना मी क्वचितच कुणाला पाहिलंय. ती गेस्ट मोड वापरायला सांगते, आणि तो सल्ला अगदी बरोबर आहे.

क्रोमच्या वर उजव्या कोपऱ्यात गोल चित्र असतं, कुणाचा फोटो किंवा नुसती माणसाची आकृती. त्यावर क्लिक केलं की खाली प्रोफाइलची यादी उघडते आणि तिच्या तळाशी "Guest" किंवा "Open Guest profile" असं काहीतरी सापडतं. त्यावर क्लिक केलं की नवी खिडकी उघडते आणि तुम्ही पाहुणे म्हणून आला आहात असं तिच्यात लिहिलेलं असतं. या खिडकीला दुकानदाराचे बुकमार्क, त्याचे साठवलेले पासवर्ड, त्याने लावलेली एक्स्टेन्शन यातलं काहीही दिसत नाही. खिडकी बंद केली की तुमचा सगळा बिल्ल्यांचा ढीगही फेकला जातो.

काही ठिकाणी गेस्टचा पर्याय बंद करून ठेवलेला असतो. तिथे Ctrl+Shift+N दाबा, इन्कॉग्निटोची काळी खिडकी उघडेल. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्येही हीच कळ चालते, फायरफॉक्समध्ये Ctrl+Shift+P. इन्कॉग्निटोतही कुकी आणि हिस्टरी खिडकीबरोबर जाते, पण ती खिडकी त्या कॉम्प्युटरच्या नेहमीच्या प्रोफाइलच्या आत उघडते. म्हणून तिथे दुकानदाराचे जुने पासवर्ड चौकटीत सुचवले जाऊ शकतात आणि तुम्ही चुकून दुसऱ्याच्या खात्यात शिरू शकता. मिळत असेल तर गेस्टच घ्या.

लॉगिन करताना दोन ठिकाणी हात थांबवा. फोनवर आलेला कोड टाकायच्या पानावर "Don't ask again on this device" असा पर्याय असतो आणि त्याच्या चौकटीत टिक आधीच मारलेली असते. ती काढा. ती राहिली आणि खिडकी साधी असली, तर पुढच्या वेळी या कॉम्प्युटरवर फक्त पासवर्ड पुरेल, फोनची गरज लागणार नाही. म्हणजे तुमच्या दोन कुलपांपैकी एक तुम्हीच काढून ठेवलंत. आउटलुकचं मेल वापरत असाल तर "Stay signed in?" असा प्रश्न येतो, तिथे "No" म्हणा.

काम झालं की आधी साइटमधून लॉगआउट करा, मग गेस्टची प्रत्येक खिडकी बंद करा. इथे एक चूक फार होते. लोक एक टॅब बंद करतात आणि दुसरी खिडकी खाली टास्कबारमध्ये दडलेली असते. गेस्टची किंवा इन्कॉग्निटोची एक जरी खिडकी उघडी राहिली तरी तो बिल्ला जिवंत असतो. खात्री करायची सोपी पद्धत म्हणजे गेस्टची नवी खिडकी उघडून mail.google.com टाइप करायचं. रिकामी ईमेलची चौकट किंवा "Sign in" चं बटण आलं तर तुम्ही बाहेर आहात. तुमचं नाव किंवा इनबॉक्स आला तर कुठेतरी खिडकी राहिली आहे.

साध्या खिडकीत लॉगिन करून बसला असाल तर

त्या मुलीचं हेच झालं होतं. तिने गेस्ट वगैरे काही उघडलं नव्हतं. आम्ही एकेक जागा बघत गेलो. हा क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून तसाच सांगतो.

पहिली जागा म्हणजे क्रोम स्वतः. जीमेलमध्ये लॉगिन आणि क्रोममध्ये लॉगिन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण २०१८ साली क्रोमच्या ६९व्या आवृत्तीने त्यांची गाठ मारली. आता जीमेल उघडल्यावर बहुतेक वेळा एक चौकट येते, तुमच्या नावानिशी "Continue as" असं निळं बटण तिच्यात असतं. घाईत माणूस ते दाबतो. तिने दाबलं होतं. मग क्रोम तिच्या खात्याशी जोडला जातो, आणि तिच्या मोबाइलमध्ये साठवलेले पासवर्ड या कॉम्प्युटरवर वापरायला मिळतात. जीमेलमधून "Sign out" केलं तरी ही जोडणी पूर्ण सुटत नाही. वरच्या गोल चित्राजवळ "Paused" किंवा "Verify it's you" असं दिसत राहतं. तसं दिसलं की समजायचं, क्रोममध्ये तुम्ही अजून आहात. पत्त्याच्या पट्टीत हे टाइप करा:

```
chrome://settings/people
```

वरतीच तुमचं नाव आणि शेजारी "Sign out" किंवा "Turn off" असं बटण दिसेल. ते दाबा. या कॉम्प्युटरवरची माहितीही काढायची का, असा पर्याय विचारला गेला तर त्यावर टिक करा.

ही पायरी सगळ्यात आधी का, ते समजून घ्या. क्रोम तुमच्या खात्याशी जोडलेला असताना तुम्ही पासवर्ड किंवा हिस्टरी पुसली, तर ती फक्त दुकानातल्या कॉम्प्युटरवरून पुसली जात नाही. तुमच्या खात्यातूनच जाते, म्हणजे मोबाइलमधूनही. एका गृहस्थांनी भीतीपोटी सगळे पासवर्ड असेच उडवले होते आणि संध्याकाळी ते परत आले, की घरचं काहीच उघडत नाही. आधी जोडणी तोडायची, मग पुसायचं.

दुसरी जागा, खात्यांची यादी. जीमेलमध्ये उजवीकडच्या आपल्या चित्रावर क्लिक करून "Sign out" केलं की "Choose an account" असं पान येतं. तिथे तुमचं नाव आणि पूर्ण ईमेल पत्ता "Signed out" या शब्दांसह तसाच असतो. खाली "Remove an account" दिसेल. त्यावर क्लिक केलं की नावापुढे लाल वजाचं चिन्ह येतं, ते दाबून "Yes, remove" म्हणा. नाव राहिल्याने कुणी आत शिरत नाही हे खरं, पण तुमचा पत्ता रोज पन्नास जणांना दिसण्याचं कारण नाही. पत्ता माहीत झाला की फसवणुकीचे मेल आणि "पासवर्ड विसरलो" वाले प्रयत्न सुरू होतात.

तिसरी जागा म्हणजे साठवलेले पासवर्ड. लॉगिन केल्यावर वर एक चौकट येते, पासवर्ड साठवायचा का विचारते. तिथे "Never" दाबायचं असतं. या मुलीने प्रवेशाच्या साइटसाठी "Save" दाबलं होतं, कारण तिला वाटलं की फॉर्म सेव्ह होतोय. हा घोळ मी अनेकांचा बघितला आहे. फॉर्म भरताना पानावरही "Save" असतं आणि ब्राउझरच्या चौकटीतही "Save" असतं. पानावरचं बटण फॉर्म जपतं, पट्टीजवळ वर लटकणारी चौकट पासवर्ड जपते.

साठवलेले पासवर्ड इथे दिसतात:

```
chrome://password-manager/passwords
```

वरच्या शोधाच्या चौकटीत साइटचं नाव टाका, आपली नोंद उघडा आणि "Delete" करा. विंडोजला पासवर्ड असेल तर क्रोम तो आधी विचारतो. पण कितीतरी दुकानांत विंडोज पासवर्डशिवाय चालू असतं, आणि तिथे डोळ्याच्या चिन्हावर क्लिक केलं की पासवर्डची अक्षरं सरळ दिसतात. त्या मुलीच्या बाबतीत याचा अर्थ असा होता, की तिच्यानंतर त्याच साइटवर येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या समोर तिचा अर्ज क्रमांक आणि पासवर्ड आपोआप भरलेला आला असता. कॉलेजांचा पसंतीक्रम अजून कायम व्हायचा होता. कुणी मुद्दाम काही केलं नसतं तरी चुकून तिच्या अर्जात शिरून एखादा पर्याय वरखाली झाला असता.

त्या यादीत इतरांच्या नोंदी दिसल्या तर त्या उघडू नका. पुसूही नका, दुकानदाराला दाखवा.

चौथी जागा लहान आहे पण चिकट आहे. फॉर्ममध्ये तुम्ही मोबाइल नंबर, आईचं नाव, पत्ता भरता. पुढचा माणूस त्याच चौकटीत पहिला आकडा दाबतो आणि तुमचा पूर्ण नंबर खाली सुचवला जातो. हे काढायची युक्ती मला बरीच उशिरा कळली. तीच चौकट पुन्हा उघडायची, सूचना खाली आली की बाणाच्या कळीने तुमच्या ओळीवर जायचं आणि Shift+Delete दाबायचं. ती एकच ओळ जाते, बाकीच्यांचं काही बिघडत नाही. पत्त्याच्या पट्टीत सुचवल्या जाणाऱ्या साइटसाठीही हेच चालतं.

Ctrl+Shift+Delete दाबून सगळंच एकदम पुसायचा पर्याय आहे, आणि नेटवरचे बरेच व्हिडिओ तोच सांगतात. दुकानात तो वापरण्याआधी विचारा. "All time" निवडून कुकी पुसल्या तर दुकानदार ज्या ज्या साइटवर लॉगिन होता, त्या सगळ्यांतून तो बाहेर फेकला जातो. वेळ "Last hour" ठेवून हिस्टरी पुसायला मात्र कुठलाही दुकानदार नाही म्हणणार नाही.

फाइली: इथेच सगळ्यात जास्त राहतं

पाचव्या जागेला आम्हाला दहा मिनिटं लागली, बाकी चारांना मिळून दहा. Ctrl+J दाबलं की उतरवलेल्या फाइलींची यादी दिसते. फुलीच्या चिन्हावर क्लिक केलं की बऱ्याचदा फक्त यादीतलं नाव जातं, फाइल फोल्डरमध्ये तशीच असते. म्हणून फाइलीच्या नावाशेजारच्या फोल्डरच्या चिन्हावर क्लिक करा. मूळ फोल्डर उघडेल. तिथे फाइल निवडून Shift+Delete दाबा, म्हणजे ती रिसायकल बिनमध्येही पडून राहणार नाही.

पण मूळ फाइलीवर काम संपत नाही. फॉर्म भरताना फोटो आणि सही ठरावीक मापात लहान करून द्यावी लागते. मग ती पेंटमध्ये उघडली जाते, कापली जाते आणि डेस्कटॉपवर नव्या नावाने ठेवली जाते. त्या मुलीच्या कॉम्प्युटरवर डेस्कटॉपच्या कोपऱ्यात या तीन फाइली होत्या:

```
photo1.jpg
sign.jpg
sign final.jpg
```

पांढऱ्या कागदावरची तिची स्वच्छ सही, दोन मापांत. सहीचं असं चित्र कुठल्याही कागदावर चिकटवता येतं. ती दोन्ही पुसल्यावर मग मी तिला आधारची फाइल शोधायला सांगितलं.

आधारची पीडीएफ उतरवली की ती कुलूपबंद येते. तिचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि पुढे जन्माचं साल, म्हणजे एकूण आठ अक्षरं. ज्याच्यासमोर तुमचा फॉर्म भरला जातो, त्याला हे दोन्ही माहीत असतं, तेव्हा त्या कुलपावर विसंबू नका. आणि कुलूपबंद फाइल बऱ्याच साइट अपलोडला घेत नाहीत, म्हणून आम्ही दुकानदार ती उघडून, प्रिंटच्या वाटेने पुन्हा पीडीएफ म्हणून साठवतो. ही दुसरी प्रत बिनकुलपाची असते. गिऱ्हाईक मूळ फाइल पुसून समाधानाने जातं आणि बिनकुलपाची प्रत "Documents" मध्ये पडून राहते. दुकानदाराला थेट विचारा, "दादा, याच्या किती कॉप्या केल्या आणि कुठे ठेवल्या?" यात राग येण्यासारखं काही नाही. मला कुणी विचारलं तर मी उलट बसून दाखवतो.

शोधायला सोपी वाट म्हणजे Windows+E दाबून फाइलींची खिडकी उघडायची. नुकत्याच वापरलेल्या फाइली तिथे समोर येतात. आपलं नाव, sign, photo, aadhaar असे शब्द शोधाच्या चौकटीत टाकूनही बघा. कॉपी-पेस्ट करताना पासवर्ड किंवा कोड उचलला असेल तर Windows+V दाबून बघा. कॉपी केलेल्या गोष्टींची यादी चालू असेल तर ती तिथे दिसते आणि "Clear all" ने जाते.

व्हॉट्सअ‍ॅपची गोष्ट वेगळी

फाइल मोबाइलमध्ये असते आणि प्रिंट कॉम्प्युटरवरून काढायची असते. मग लोक web.whatsapp.com उघडून क्यूआर स्कॅन करतात. त्या पानावर लॉगिन राहू देण्याची टिक असते ती कुणी काढत नाही, आणि प्रिंट निघाली की टॅब बंद करून जातात. मोबाइल खिशात घेऊन तुम्ही घरी गेलात तरी तुमच्या गप्पा दुकानात येत राहतात, कारण जोडलेल्या उपकरणाला तुमचा मोबाइल जवळ असण्याची गरज नसते.

एका प्रिंटसाठी व्हॉट्सअ‍ॅप जोडू नका. ती एक फाइल दुकानाच्या ईमेलवर पाठवा किंवा पेनड्राइव्हवर आणा, आणि प्रिंट निघाल्यावर समोर उभं राहून ती पुसून घ्या. दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅप नंबरवर पाठवलीत तर लक्षात ठेवा, "Delete for everyone" केल्याने गप्पांतला संदेश जातो, पण कॉम्प्युटरवर साठवून घेतलेली प्रत जात नाही.

जोडून बसला असाल तर मोबाइलमध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या वरच्या तीन ठिपक्यांवर क्लिक करून, आयफोन असेल तर सेटिंग्जमध्ये जाऊन, "Linked devices" उघडा. जोडलेल्या प्रत्येक ब्राउझरची नोंद तिथे असते आणि शेवटी कधी वापर झाला तेही दिसतं. अनोळखी नोंदीवर बोट ठेवून "Log out" करा. हे घरी बसूनही होतं, दुकानात परत यावं लागत नाही.

घरी गेल्यावर मोबाइलवरून

रस्त्यात आठवलं की लॉगआउट राहिलं, तर परत फिरू नका. मोबाइलवर ही साइट उघडा:

```
myaccount.google.com/device-activity
```

तुमचं गूगल खातं आत्ता किंवा गेल्या २८ दिवसांत कुठे कुठे उघडलं गेलं, ती सगळी उपकरणं इथे दिसतात. दुकानातला कॉम्प्युटर "Windows" अशा नोंदीखाली असेल, सोबत गावाचं नाव आणि वेळ. गावाचं नाव नेहमी अचूक नसतं, इंटरनेट कंपनीचं केंद्र जिथे असेल तिथलं शहर दिसू शकतं. आमच्या दुकानातून लॉगिन केलेल्यांना कितीदा पुण्याचं नाव दिसतं आणि ते घाबरून फोन करतात. तुम्ही वेळ जुळवून बघा. नोंद उघडून "Sign out" केलं की तो बिल्ला गूगलच्या बाजूने रद्द होतो, दुकानातला कॉम्प्युटर बंद असला तरी.

मात्र याने पुन्हा फक्त बिल्ला जातो. क्रोममध्ये साठवलेला पासवर्ड तिथे राहिला असेल असं वाटलं तर मोबाइलवरून पासवर्ड बदला. बदलल्यावर गूगल जवळजवळ सगळ्या ठिकाणांहून खातं बाहेर काढतो आणि दुकानात उरलेला जुना पासवर्ड निरुपयोगी होतो. तोच पासवर्ड दुसऱ्या कुठल्या साइटवर वापरत असाल तर तिथेही बदलावा लागेल.

खातं खरोखरच उघडं राहून काही तास गेले असतील, तर जीमेलच्या सेटिंग्जमध्ये एक गोष्ट बघा. "Forwarding and POP/IMAP" या भागात दुसऱ्याच कुणाचा पत्ता घातलेला आहे का? घातला असेल तर पासवर्ड बदलल्यावरही तुमच्या मेलची प्रत त्याच्याकडे जात राहते. हा भाग मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये मिळत नाही, ब्राउझरमध्ये डेस्कटॉपचं पान उघडून बघावा लागतो.

जे पुसून जात नाही

गेस्टची खिडकी उतरवलेल्या फाइली सोडल्या तर कॉम्प्युटरवर मागे काही ठेवत नाही, पण तुम्ही काय टाइप केलं ते कुणी मधल्यामध्ये टिपत असेल तर ती थांबवू शकत नाही. कळ दाबली की नोंद करणारे छुपे प्रोग्रॅम असतात, आणि कीबोर्डची वायर जिथे कॉम्प्युटरला जोडतात तिथे बसवायचं बोटाच्या पेराएवढं उपकरणही असतं. मागे वाकून बघितलं तर ते उपकरण दिसू शकतं, प्रोग्रॅम बघून कळत नाही. म्हणून बँकेचं खातं, यूपीआय, शेअरचं खातं यातलं काहीही दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडू नये असं माझं ठाम मत आहे. फॉर्मची फी भरायची असेल तर पानावर आलेला क्यूआर आपल्या मोबाइलने स्कॅन करून भरा. बँकेचा पासवर्ड दुकानातल्या कीबोर्डवर जातच नाही.

गूगलच्या खात्यासाठीही अशी वाट आहे. मोबाइलवर पासकी बनवून ठेवली असेल, तर लॉगिनच्या पानावर क्यूआर येतो, तो स्कॅन करून बोटाचा ठसा द्यायचा, पासवर्ड टाइप करायचाच नाही. त्यासाठी कॉम्प्युटरला ब्लूटूथ लागतं आणि जुन्या डेस्कटॉपला ते नसतं, ही त्याची मर्यादा. तिथे पासवर्ड टाकावाच लागला तर घरी जाऊन तो बदलणं एवढंच हातात राहतं.

आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते. सायबर कॅफेसाठी केंद्र सरकारचे २०११ चे नियम आहेत. त्यानुसार ओळखपत्र बघून नोंद ठेवावी लागते आणि कुठल्या कॉम्प्युटरवरून कुठल्या साइट उघडल्या त्याची नोंद किमान एक वर्ष जपावी लागते. इन्कॉग्निटोने ती पुसली जात नाही. कुठली साइट उघडली ते त्यात दिसतं, मेलमध्ये काय लिहिलं ते दिसत नाही.

त्या मुलीचं सगळं पुसून झाल्यावर तिने गेस्टची खिडकी उघडली, mail.google.com टाकलं, रिकामी चौकट बघितली. मग नेहमीची खिडकी उघडून तेच केलं. तिथेही तिचं नाव नव्हतं, पण आणखी एका मुलाचं होतं आणि त्याचा इनबॉक्स उघडाच होता. तिने माझ्याकडे बघितलं. अशा वेळी एकही मेल न उघडता फक्त वरच्या चित्रावर क्लिक करून "Sign out" करायचं आणि दुकानदाराला सांगायचं. तिने तसंच केलं. मी रजिस्टरमधून त्या मुलाचा नंबर काढून त्याला फोन लावला.